दुबळं आम्ल, पीएच ७.१५ आणि शून्य मार्क

तीन_पेट्रोल_पंप
नमस्कार मंडळी. मी बँकेतला माणूस. रसायनशास्त्राशी संबंध बारावीला सुटला आणि सुटला तेव्हा मी देवापुढे पेढे ठेवले होते. आता लेक बारावीला आहे, त्यामुळे ते पाप पुन्हा दारात आलंय.

क्लासच्या चाचणीत प्रश्न होता: HCN चं 1×10⁻⁵ M द्रावण, Ka = 4.9×10⁻¹⁰, पीएच काढा. क्लासमध्ये शिकवलेली रीत अशी की आम्ल दुबळं आहे, फारच थोडं फुटतं, म्हणून फुटलेला भाग मूळ संहतीतून वजा करायच्या भानगडीत पडायचं नाही. सरळ

h = √(Ka × C)

करायचं. (h म्हणजे H⁺ ची संहती, लेक वहीत तसंच लिहिते.) इथे Ka × C = 4.9×10⁻¹⁵, त्याचं वर्गमूळ 7.0×10⁻⁸, पीएच ७.१५. मग शेवटी तपासणी: h भागिले C, म्हणजे ०.७%. ५ टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे गृहीतक चाललं, उत्तर बरोबर.

लेकीने हे सगळं केलं, ७.१५ आलं, आणि मग तिने ते खोडलं. खाली लिहिलं, "आम्लाचा पीएच ७ च्या वर जाणार नाही, म्हणून साधारण ७." मार्क शून्य. उत्तरसूचीत ७.१५ छापलंय. सरांना विचारलं तर म्हणाले, चेक पास झाला ना, मग विषय संपला.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, कोण बरोबर? दोन, हा चेक मला मुळातच खटकतो. आमच्याकडे व्हाउचर बनवणारा आणि पास करणारा एकच माणूस असला तर ऑडिटवाले उभं करतील. इथे अंदाजाने काढलेलं h घेऊन त्याच अंदाजाची तपासणी करताय. मेकर आणि चेकर एकच!

---

उपवन_मॉर्निंग_वॉक
सोपं आहे हो. ५ टक्क्यांचा नियम म्हणजे उत्तरात ५% पर्यंत चूक चालते. ७.१५ चे ५% म्हणजे ०.३६. म्हणजे खरं उत्तर ६.८ ते ७.५ मध्ये कुठेही असू शकतं. तुमच्या मुलीचं ७ त्यात बसतं, सरांचं ७.१५ ही बसतं. दोघंही बरोबर, चहा घ्या.

आणि अगदीच अचूक हवं असेल तर वर्गसमीकरण सोडवा. h² + Ka·h − Ka·C = 0. अंदाज नाही, गृहीतक नाही, भांडण नाही. आम्ही इंजिनिअरिंगला असंच करायचो.

---

तीन_पेट्रोल_पंप
उपवनजी, आत्ताच लेकीला बसवून वर्गसमीकरण सोडवलं. ७.१५ चं ७.१६ झालं. आम्ल आणखी अल्कधर्मी झालं! आता ती माझ्याकडे बघून हसतेय.

---

घोडबंदरची_सुगरण
बरं झालं हा धागा निघाला. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, नळावर आणि शॉवरवर पांढरे थर बसतात. मी व्हिनेगरने घासते. बाटलीवर ४% लिहिलंय. त्यात निम्मं पाणी घातलं तर आम्ल दुबळं होईल का? की पीएच तोच राहतो? दुबळ्या आम्लाबद्दलच चाललंय म्हणून विचारते.

---

खाडीपल्याड
रबाळ्याला एका कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये माझी बत्तीस वर्षं गेली, त्यात पीएच मीटरपुढे किती तास गेले याचा हिशेब नाही. निवृत्त आहे, वेळ आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो. सुगरणताई, तुमच्याकडे शेवटी येतो.

लेक बरोबर आहे. पण सरांची तपासणीही चुकीची नाही, हे आधी समजून घ्या. चेक खोटं बोललेला नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने खरं उत्तर दिलं. आपण त्याला दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

√(Ka·C) लिहिताना आपण एकदम दोन गोष्टी सोडून देतो. वहीत त्यातली एकच दिसते. पहिली: आम्लाचा फुटलेला भाग नगण्य मानला, म्हणून न फुटलेलं आम्ल C − h न धरता C धरलं. दुसरी: द्रावणातला सगळा H⁺ आम्लानेच दिला असं मानलं. पाणी स्वतःही थोडं फुटतं, ते हिशेबात घेतलंच नाही. ५ टक्क्यांची तपासणी फक्त पहिल्या गोष्टीची आहे.

आता या प्रश्नात पाहा. Ka × C आहे 4.9×10⁻¹⁵. पाण्याचा Kw आहे 1×10⁻¹⁴. म्हणजे आम्लाचं जे वजन तागडीत आहे ते पाण्याच्या वजनाच्या निम्मंसुद्धा नाही, आणि आपण पाणीच सोडून दिलं!

पाणी धरून लिहायचं तर विद्युतभाराचा मेळ घाला. जितके धन तितके ऋण: h बरोबर सायनाइड अधिक हायड्रॉक्साइड. सायनाइड म्हणजे Ka·C भागिले h (इथे C तसाच ठेवायला हरकत नाही, कारण पहिला चेक पास आहे), आणि हायड्रॉक्साइड म्हणजे Kw भागिले h. दोन्ही बाजूंना h ने गुणा:

h² = Ka·C + Kw = 4.9×10⁻¹⁵ + 10×10⁻¹⁵ = 14.9×10⁻¹⁵

h = 1.22×10⁻⁷, पीएच ६.९१. सातच्या किंचित खाली, जिथे असायला हवा तिथे. लेकीने "साधारण ७" लिहिलं, मी तपासणारा असतो तर निम्मे मार्क नक्की दिले असते. उरलेले निम्मे आकड्यासाठी.

आता हेच उत्तर उघडून पाहा. सायनाइड निघतं 4.0×10⁻⁸, हायड्रॉक्साइड 8.2×10⁻⁸. म्हणजे द्रावणातला दोनतृतीयांश H⁺ पाण्याचा आणि एकतृतीयांश आम्लाचा. आम्ल प्रत्यक्षात फुटलंय ०.४%, ०.७% सुद्धा नाही. म्हणून म्हटलं, चेक खरं बोलला. आम्ल खरंच नगण्य फुटलंय. इतकं नगण्य की पाणी त्याच्यापेक्षा मोठं झालं.

उपवनजी, वर्गसमीकरणाने का सुधारलं नाही तेही यातच आहे. वर्गसमीकरण फक्त पहिली सोडलेली गोष्ट परत आणतं. दुसरी तिथेही गायबच आहे. छप्पर गळतंय आणि आपण खिडकी बदलली.

---

तीन_पेट्रोल_पंप
काका, हे वाचून लेक उडी मारून उठली. पण माझा मेकर-चेकर राहिला.

---

खाडीपल्याड
राहिला नाही, हात दुखले म्हणून थांबलो होतो.

तुमची शंका रास्त आहे, पण इथे एक सोय आहे. C − h ऐवजी C धरलं की न फुटलेलं आम्ल जास्त धरलं, म्हणून येणारं h नेहमी खऱ्यापेक्षा मोठं येतं. कधीही लहान येत नाही. मग त्या मोठ्या h ने तपासलं तर टक्केवारीही खऱ्यापेक्षा जास्तच दिसणार. म्हणजे तपासनीस कडक आहे, सैल नाही. अंदाजाचं h पास झालं तर खरं h नक्की पास होतं. म्हणून तोच माणूस तपासतोय तरी चालतं.

ही सोय पहिल्या गोष्टीपुरतीच. पाणी सोडल्यावर h खऱ्यापेक्षा लहान येतं. दोन चुका उलट दिशांच्या आहेत. या HCN च्या गणितात दुसरी चूक पुढे आहे, आणि लहान h ने तपासायला गेलात तर चेक आणखीच खूश होतो.

---

कोपरीची_टीचर
मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. परीक्षेत साधारणपणे पाणी धरायची वेळ येत नाही, कारण प्रश्न तसे काढलेले नसतात. ०.१, ०.०१ मोलर, Ka साधारण 10⁻⁵ च्या घरात. तिथे खाडीपल्याड सर म्हणतात ती भानगड येतच नाही. मुलांना मी एकच सांगते, C ला Ka ने भागा, ४०० च्या वर आलं तर बिनधास्त वर्गमूळ घ्या, नाहीतर वर्गसमीकरण. ५% आणि ४०० एकच, कारण फुटण्याचं प्रमाण वर्गमुळात Ka भागिले C असतं आणि ०.०५ चा वर्ग म्हणजे ४०० वा भाग.

हा प्रश्न ज्याने काढला त्याने संहती कमी करताना विचार केला नाही एवढंच. पण मुलीनेही पायऱ्या खोडायला नको होत्या. पायऱ्यांना मार्क असतात. खोडलेलं मी पण तपासत नाही.

---

खाडीपल्याड
ताई, पायऱ्यांचं पटलं. ४०० चंही पटलं. पण याच प्रश्नात C भागिले Ka वीस हजारांच्या वर येतं. ४०० चा नियम इथे हसतहसत पास होतो. म्हणून मुलांना त्याच्याशेजारी दुसरी ओळ लिहायला लावा: Ka × C हे Kw च्या किमान दहापट आहे का? दहापट असलं तर पाणी सोडल्याने h मध्ये सुमारे ५% चा फरक पडतो, कारण १.१ चं वर्गमूळ १.०५. एका नियमात भागाकार, दुसऱ्यात गुणाकार. लक्षात राहायला अवघड नाही.

---

कोपरीची_टीचर
भागाकार-गुणाकार हे चांगलं आहे, वापरते. मात्र बारावीच्या पेपरात दुसरी ओळ लिहून वेळ घालवावा का, यावर माझं मत बदललेलं नाही.

---

उपवन_मॉर्निंग_वॉक
माझं वर्गसमीकरण इथे पडलं हे मान्य. पण ५% ची चूक म्हणजे उत्तरात ५% हे तर बरोबर ना?

---

खाडीपल्याड
नाही हो. आणि हे मला आवडतं म्हणून सांगतो. ५% हे फुटलेल्या भागाचं प्रमाण आहे, चुकीचं नाही. C ऐवजी C − h धरल्यावर वर्गमुळाखाली ५% फरक पडतो. वर्गमूळ घेतलं की त्याचा अर्धा, म्हणजे h मध्ये अडीच टक्के. आणि पीएच हा लॉग आहे, अडीच टक्क्यांचा लॉग म्हणजे जेमतेम ०.०१. तुम्ही ०.३६ म्हणत होतात!

रोजच्या कामाचा पीएच मीटर ४ आणि ७ च्या बफरवर लावल्यावर दुसऱ्या दशांशस्थळी विश्वासाने बोलला तर पुष्कळ. म्हणजे ५% च्या आत राहिलात तर तुमची गणितातली चूक मीटरला दिसतच नाही. त्या आकड्यात मला एवढंच शहाणपण दिसतं. कुणी १०% ही घेतात, तेव्हा पीएचमध्ये ०.०२ जातो. तेही पाप नाही.

---

घोडबंदरची_सुगरण
माझ्या नळाचं काय झालं?

---

खाडीपल्याड
आलो ताई. ४% व्हिनेगर म्हणजे लिटरला ४० ग्रॅम असेटिक आम्ल, ६० ने भागलं की ०.६७ मोलर. Ka = 1.8×10⁻⁵ धरून h येतं 3.5×10⁻³, पीएच २.४६. फुटलंय अर्धा टक्का, म्हणजे अंदाज एकदम पक्का. निम्मं पाणी घातलंत तर h निम्मं होत नाही, वर्गमुळाने कमी होतं. पीएच फक्त ०.१५ ने वर जाईल, २.६१. दहापट पातळ केलंत तरी अर्ध्यानेच.

पण थर निघायला पीएचपेक्षा एकूण आम्ल किती आहे ते महत्त्वाचं. तो चुन्याचा थर आम्ल खाऊन टाकतो आणि न फुटलेलं आम्ल मागून फुटून पुरवठा करत राहतं. पातळ केलंत की हा साठा निम्मा होतो. तेव्हा पाणी घालू नका. कापड भिजवून नळाला गुंडाळून ठेवा. क्रोमचा मुलामा असेल तर रात्रभर नको, अर्ध्या तासाने बघा.

---

घोडबंदरची_सुगरण
आभार. घासून घासून हात गेले होते, गुंडाळायचं सुचलंच नाही.

---

तीन_पेट्रोल_पंप (लेक लिहितेय, बाबांच्या खात्यातून)
नमस्कार काका. दोन शंका. क्लासमध्ये आम्ही असेटिक आम्ल पातळ करत करत गेलो. ०.१ मोलरला १.३% फुटतं, ०.०१ ला ४.२%, ते ठीक. मी घरी पुढे केलं. 10⁻⁵ मोलरला वर्गमुळाने h आलं 1.34×10⁻⁵. म्हणजे १३४% फुटलं! असं कसं? आणि मैत्रीण म्हणते वर्गसमीकरण नको, h पुन्हा पुन्हा घालत जायचं, आपोआप बरोबर येतं. ते खरं आहे का?

---

खाडीपल्याड
ये बाळ. १३४% हा त्या अंदाजाचा प्रामाणिकपणा आहे, तो स्वतःच ओरडून सांगतोय की मी संपलो. टाकीत होतं त्यापेक्षा जास्त पाणी नळातून येत नाही. इथे वर्गसमीकरण कर, h येईल 7.2×10⁻⁶, पीएच ५.१५. अंदाजाने ४.८७ येत होता. जवळजवळ पाव एककाहून जास्त चूक, ही मीटरला लांबून दिसेल. आणि बघ, खरंतर ७२% फुटलंय. नाव दुबळं आम्ल, पण इतकं पातळ झाल्यावर ते दुबळ्यासारखं वागतच नाही. किती फुटणार हे एकट्या Ka वर ठरत नाही, संहतीसमोर Ka किती मोठा आहे त्यावर ठरतं. इथे Ka हा C पेक्षाही मोठा आहे.

मैत्रिणीची रीत चांगली आहे, मीही कागदावर तीच वापरायचो, पण ती कुठे चालते ते बघू. आमच्याकडे एमसीए यायचं, म्हणजे मोनोक्लोरोअसेटिक आम्ल. अंगावर उडालं तर भाजतं असलं. Ka = 1.4×10⁻³. ०.०१ मोलर घे.

पहिला अंदाज: √(1.4×10⁻⁵) = 3.74×10⁻³. फुटलं ३७%. चेक नापास. आता हेच h परत घाल: C − h = 6.26×10⁻³, त्यावरून h = 2.96×10⁻³. आता कमी आलं. परत घाल: 3.14×10⁻³. परत: 3.10×10⁻³. मग 3.11×10⁻³ वर थांबतं. वर, खाली, वर, खाली, झोपाळा हळूहळू शांत होतो. पीएच २.५१. पहिल्या अंदाजाने २.४३ आला होता, म्हणजे ०.०८ चा फरक. ३७% फुटून फक्त ०.०८, लॉग किती माफ करतो बघ. h मध्ये मात्र तोच फरक २०% आहे. पुढे h वापरून आणखी काही काढायचं असेल तर ते माफ होणार नाही.

आता तीच रीत तुझ्या 10⁻⁵ च्या असेटिकला लाव. पहिल्याच पायरीला C − h ऋण येतं, वर्गमूळ निघत नाही. वेगळ्या आकड्यापासून सुरुवात केलीस तरी झोपाळा शांत होणार नाही, वाढतच जाईल. Ka जेव्हा खऱ्या h च्या दुपटीपेक्षा मोठा असतो तेव्हा असं होतं. तिथे मुकाट्याने वर्गसमीकरण.

---

सीवूड्स_लोकल
मी आयटीतला, रसायन येत नाही, पण काकांचा भाराचा मेळ वाचून गंमत वाटली. त्यात काहीच न सोडता सोडवलं तर? तिसऱ्या घाताचं समीकरण येतं, पण ते हाताने कशाला? पीएच ० ते १४ मध्येच आहे, अर्धा-अर्धा करत शोधला:

```
def pH(C, Ka, Kw=1e-14):
    lo, hi = 0.0, 14.0
    for _ in range(60):
        m = (lo + hi) / 2
        h = 10**-m
        if h - Kw/h > C*Ka/(Ka + h):
            lo = m
        else:
            hi = m
    return m
```

pH(1e-5, 4.9e-10) चं उत्तर ६.९१. pH(1e-5, 1.8e-5) चं ५.१४५, काकांच्या ५.१५ पेक्षा थोडं वेगळं.

---

खाडीपल्याड
तुमचा ५.१४५ बरोबर. माझं उत्तरही ५.१४५ होतं, मी वर ढकललं. त्यात पाण्याचा वाटाही आहे, फक्त इतका लहान की दिसेनासा. तुमचा प्रोग्रॅम छान आहे, पण लेकीने तो आज वापरू नये. कुठे काय सोडलं हे कळायच्या आधी काहीच न सोडणारं यंत्र हातात आलं की बुद्धी तिथेच बसते.

---

सीवूड्स_लोकल
हे मला माझे मॅनेजरही सांगतात.

---

उपवन_मॉर्निंग_वॉक
एक अडचण काढतो, गंमत म्हणून नाही. आपल्याकडे खोलीत ३० अंश असतं. ३० ला pKw १३.८३, म्हणजे न्यूट्रल पाणी ६.९२. मग HCN चा ६.९१ म्हणजे न्यूट्रलच की! आम्ल गेलं कुठे?

---

खाडीपल्याड
या वेळी नेम बरोबर लागलाय, फक्त अर्ध्यावर सोडलात. ६.९१ हा मी २५ अंशाच्या Kw ने काढला. ३० ला न्यूट्रल बदलला तर उत्तरही बदलणार. Kw 1.47×10⁻¹⁴ धरा, Ka तोच ठेवा, h = 1.4×10⁻⁷, पीएच ६.८५. न्यूट्रल ६.९२ च्या खालीच. अर्थात Ka सुद्धा तापमानाने हलतो, तो किती हलेल ते मी इथे धरलेलं नाही. तेव्हा ६.८५ वर छाती ठोकू नका.

---

कोपरीची_टीचर
हे सगळं कागदावर. मुलांना मीटरवर दाखवता येईल का? HCN तर शाळा-कॉलेजच्या जवळही नको.

---

खाडीपल्याड
HCN चं नावसुद्धा काढू नका. बोरिक आम्ल घ्या. Ka = 5.8×10⁻¹⁰, HCN च्या जवळपास तेवढंच दुबळं. कॅरमबोर्डवर टाकतात ती पावडर बहुतेक तीच असते, पण प्रयोगाला लॅबच्या बाटलीतलंच घ्या. तोंडात जाऊ देऊ नका, हात धुवा. लिटरला ६.२ ग्रॅम म्हणजे ०.१ मोलर. h = 7.6×10⁻⁶, पीएच ५.१२ यायला हवा. त्याहून फार दाट करू नका, दाट द्रावणात बोरेट एकमेकांना जोडली जातात आणि हे साधं गणित लागू पडत नाही.

---

कोपरीची_टीचर
आणि मग पातळ करत जायचं? ०.०१ ला ५.६२, हळूहळू ७ कडे?

---

खाडीपल्याड
इथेच फसाल. साधं डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन स्वतःच ५.६ च्या आसपास बसलेलं असतं. तुमचं ०.०१ मोलर बोरिकही ५.६२. मीटर ५.६ दाखवेल आणि मुलं टाळ्या वाजवतील, पण नुसत्या पाण्यालाही तेच आलं असतं.

खरंतर दोघं मिळून ५.६ ही येणार नाही. मघाच्या समीकरणात आणखी एक पद वाढतं: h² म्हणजे Ka·C अधिक Kw अधिक कार्बनिक आम्लाचा वाटा. तो वाटा एकटाच 6×10⁻¹² च्या घरात, बोरिकचा 5.8×10⁻¹². बेरीज करून वर्गमूळ घ्या, पीएच ५.४६ च्या आसपास. गणित म्हणतं ५.६२, मीटर ५.४६ च्या जवळ काहीतरी, आणि दोष मीटरला.

पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, झाकण घट्ट लावून गार करा, मगच वापरा. आणि प्रयोगाच्या आधी नुसत्या पाण्याचा पीएच घेऊन फळ्यावर लिहा. फक्त हे ध्यानात असू द्या की शुद्ध पाण्यात मीटरचा काटा जागेवर ठरत नाही, आकडा सरकत राहतो.

---

कोपरीची_टीचर
शनिवारी करून बघते. उकळलेल्या आणि न उकळलेल्या, दोन्ही पाण्यात.

---

तीन_पेट्रोल_पंप
अपडेट. लेक काकांची h² = Ka·C + Kw वाली ओळ घेऊन सरांकडे गेली. सरांनी पूर्ण वाचलं, ६.९१ बरोबर आहे म्हणाले. मार्क मात्र दिले नाहीत, कारण उत्तरपत्रिकेत तिने ६.९१ लिहिलंच नव्हतं, "साधारण ७" लिहिलं होतं. पुढच्या बॅचच्या पेपरात संहती 10⁻³ करणार म्हणाले.

लेकीने घरी येऊन लगेच 10⁻³ ने करून पाहिलं. Ka × C येतं 4.9×10⁻¹³, Kw च्या ४९ पट. पाणी सोडलं तर ६.१५, धरलं तर ६.१५. आता तिला तो प्रश्न कंटाळवाणा वाटतोय.

---

घोडबंदरची_सुगरण
शॉवर निघाला स्वच्छ. नळाच्या तोंडाशी अजून थोडं आहे, उद्या परत गुंडाळते.